व्हॉइस नोट शांत जाते, कॉलवर आवाज जात नाही: माइक दुसऱ्याच ऍपने धरून ठेवलाय का ते कसं शोधायचं

प्रश्न: दादा, फोन अँड्रॉइड १४ आहे. काही दिवसांपासून व्हॉट्सऍपवर व्हॉइस नोट केली की सेकंद पुढे सरकतात पण ऐकलं तर एकदम शांत. व्हॉट्सऍप कॉलवर समोरचा म्हणतो पहिला हॅलो ऐकू आला, मग काहीच नाही. साधा सिमचा कॉल मात्र व्यवस्थित होतो. रीस्टार्ट केला की सगळं चालतं, दुपारपर्यंत परत तेच. दुकानात सांगतायत माइक गेलाय, बदलावा लागेल. बदलू का?

उत्तर:

नका बदलू ताई, निदान खाली सांगतो ते करून बघितल्याशिवाय तर अजिबात नको. सिमच्या कॉलला फोन कानाला लावून बोलता तेव्हा खालच्या कडेचा, चार्जिंगच्या भोकाशेजारचा माइक चालतो आणि बहुतेक फोनमध्ये व्हॉइस नोटलाही तोच माइक वापरला जातो, म्हणजे एकाच माइकवर एक काम होतंय आणि दुसरं होत नाहीये. त्यात रीस्टार्टने बरं वाटतंय. खराब झालेला माइक अधूनमधून चालू-बंद होऊ शकतो, लूज कनेक्शन असलं की होतं तसं, पण तो सिमच्या कॉलला दर वेळी चालेल आणि व्हॉट्सऍपला दर वेळी बंद पडेल असं निवडून वागत नाही. ही सगळी लक्षणं एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात, मागे कुठलं तरी ऍप माइक उघडून बसलंय आणि तो सोडत नाहीये.

आता हे होतं कसं ते आधी सांगतो, कारण ते कळलं की शोधायचं कुठे हे आपोआप कळतं. अँड्रॉइड १० येण्याआधी, म्हणजे २०१९ च्या आधी, माइक एका वेळी एकाच ऍपला मिळायचा. दुसरं ऍप रेकॉर्डिंग सुरू करायला गेलं की त्याला सरळ एरर यायची आणि रेकॉर्डिंग सुरूच व्हायचं नाही, त्यामुळे काहीतरी गडबड आहे हे लगेच समजायचं. अँड्रॉइड १० पासून पद्धत बदलली. आता दोन ऍप एकाच वेळी माइक उघडू शकतात, दोघांनाही सिस्टीम "हो, चालू आहे" म्हणते, पण दोन साध्या ऍपपैकी खरा आवाज एकालाच देते आणि दुसऱ्याला नुसती शांतता देते. म्हणून तर सेकंद पुढे सरकतात, फाइल तयार होते, पाठवली पण जाते, आणि आत काहीच नसतं. कुठेही लाल अक्षरात काही लिहून येत नाही. माणसाला वाटणारच की माइक मेला.

मग खरा आवाज कोणाला द्यायचा हे कसं ठरतं? दोन्ही साधी रेकॉर्डिंग असली तर स्क्रीनवर जे ऍप समोर आहे त्याला मिळतो, आणि हे बरोबरच आहे. पण एखाद्या ऍपने माइक "बोलण्यासाठी" म्हणून उघडला असेल, म्हणजे इंटरनेट कॉल, मीटिंग, गेममधलं बोलणं, वॉकीटॉकी असलं काही, तर सिस्टीम त्याला खाजगी संभाषण मानते आणि आवाज त्यालाच देते, मग समोर स्क्रीनवर दुसरं ऍप उघडं असलं तरी त्याला शांतताच. इथेच तुमची व्हॉइस नोट मार खाते. ती साधं रेकॉर्डिंग आहे, आणि मागचं ऍप म्हणतंय माझा कॉल चालू आहे. प्रत्यक्षात तो कॉल कधीचाच संपलेला असतो, किंवा नेट गेल्यामुळे अर्धवट तुटलेला असतो, पण ऍपने माइक सोडलेला नसतो, आणि सिस्टीमला खरं-खोटं कळायला काही मार्ग नाही.

व्हॉट्सऍप कॉलचं थोडं वेगळं आहे आणि तुमचा तो "पहिला हॅलो ऐकू आला" हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कॉलमध्ये व्हॉट्सऍपही माइक बोलण्यासाठीच उघडतं, म्हणजे आता दोन्ही ऍप बरोबरीची झाली. अशा वेळी नियम असा की ज्याने शेवटी माइक उघडला त्याला आवाज. म्हणून कॉल लागताच तुमचा हॅलो जातो. पण अँड्रॉइड १० पासून ऍपला हेही कळू शकतं की आपल्याला शांतता दिली जातेय, आणि काही ऍप असं कळलं की माइक बंद करून परत उघडतात. परत उघडला की ते झालं सगळ्यात नवीन, आणि आवाज त्याच्याकडे गेला, तुमचा कॉल मुका. कॉल लागल्यावर काही सेकंद आवाज जाऊन मग गप्प होणं, आणि दर वेळी असंच होणं, हे दिसलं की मी फोन उघडायला घेतच नाही, आधी ऍप शोधतो. नेटवर्क खराब असेल तर आवाज तुटक येतो, मधेच येतो मधेच जातो, असा एकदा जाऊन कायमचा गायब होत नाही.

सिमचा कॉल वाचतो तो यासाठी की चालू फोन कॉलला आवाज मिळालाच पाहिजे हा नियम बाकी सगळ्यांच्या वर आहे, साध्या ऍपला तो हिसकावता येत नाही. मी वर म्हटलं ना लक्षणं बोट दाखवतात, ते या अर्थाने.

आता शोधू. अँड्रॉइड १२ पासून स्क्रीनच्या वर उजव्या कोपऱ्यात हिरवी खूण येते, माइक किंवा कॅमेरा वापरात आला की आधी छोटं चित्र येतं मग त्याचा ठिपका होतो. तुम्ही एवढंच करा, व्हॉइस नोट शांत जायला लागली की व्हॉट्सऍप बंद करून होम स्क्रीनवर या, काही उघडू नका, आणि थोडा वेळ त्या कोपऱ्याकडे बघा. व्हॉइस नोट संपल्यावर तिचा ठिपका काही सेकंदात जातो. तो जात नसेल, नुसत्या होम स्क्रीनवर ठिपका बसून असेल, तर कोणीतरी आत्ता या क्षणी माइक वापरतंय. वरून पडदा खाली ओढा, तिथे हिरव्या खुणेवर टॅप करा, ऍपचं नाव लिहून येतं. बऱ्याच वेळा काम इथेच संपतं.

ठिपका सतत नसेल, येत-जात असेल, तर सेटिंगमध्ये प्रायव्हसीच्या आत प्रायव्हसी डॅशबोर्ड असतो तो उघडा आणि मायक्रोफोनवर जा. मागच्या २४ तासांत कोणत्या ऍपने कधी माइक घेतला त्याची वेळेनुसार यादी असते. इथे नावांपेक्षा वेळेकडे बघा. व्हॉट्सऍपच्या नोंदी छोट्या छोट्या असतील, कॅमेऱ्याची एखादी असेल, आणि एखाद्या ऍपची नोंद सकाळपासून लांबच लांब चालू दिसेल किंवा दर थोड्या वेळाने तेच नाव परत परत दिसेल. ज्या वेळेपासून व्हॉइस नोट बिघडल्या त्या वेळेशी जुळवून बघा. जुळलं की सापडलं.

एक उदाहरण सविस्तर सांगतो, तुमच्यासारखंच आहे. माझ्याकडे ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बुकिंग बघणाऱ्या एक ताई आल्या होत्या. त्यांनी आधीच दुसरीकडे चार्जिंगची पट्टी बदलून घेतली होती, कारण बऱ्याच फोनमध्ये खालचा माइक त्या पट्टीवरच असतो, आणि पैसे देऊन दोन दिवसांत तक्रार जशीच्या तशी. रीस्टार्ट केला की सकाळी बरं, ऑफिसला पोचल्यावर बिघडलं. मी विचारलं ऑफिसात गेल्यावर पहिलं काय उघडता, तर म्हणाल्या हजेरीचं ऍप. ते ऍप फक्त हजेरीचं नव्हतं, त्यातच ड्रायव्हर लोकांशी बोलायचा वॉकीटॉकीसारखा भाग होता, बटण दाबून बोलायचा. डॅशबोर्डमध्ये बघितलं तर सकाळी ९:४० च्या सुमारास त्या ऍपने माइक घेतलेला आणि नोंद अजून चालूच. त्यांच्या व्हॉइस नोट बरोबर त्यानंतरच्या शांत होत्या, बसमधून पाठवलेली ९ च्या आधीची एक नोट स्वच्छ ऐकू येत होती.

त्या म्हणाल्या अहो पण मी हजेरी लावली की ते ऍप बंद करते. बंद म्हणजे काय, तर रिसेंटमधून वर ढकलून देतात. हा गैरसमज जवळपास प्रत्येकाचा आहे. रिसेंटमधून ढकललं की ऍपची स्क्रीन जाते, पण ऍपने मागे फोरग्राउंड सर्व्हिस म्हणतात ती चालू ठेवली असेल तर ती चालूच राहते, गाणी वाजवणारं ऍप ढकलल्यावर पण गाणं चालू राहतं तसंच. माइकची सर्व्हिस पण अशीच मागे चालू राहते. नियमाने अशा सर्व्हिसचं नोटिफिकेशन दिसायला पाहिजे, पण अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनची परवानगी नाकारता येते, आणि ताईंनी त्या ऍपची कटकट नको म्हणून नोटिफिकेशन बंद केले होते. म्हणजे वर काहीच दिसत नव्हतं आणि आत सर्व्हिस चालू. नोटिफिकेशन बंद केल्याने सर्व्हिस बंद होत नाही, फक्त दिसायची बंद होते, हे लक्षात ठेवा.

तरी अँड्रॉइड १३ मध्ये एक चांगली जागा दिलीय. वरचा पडदा दोनदा खाली ओढला की तळाशी किती ऍप ॲक्टिव्ह आहेत असा आकडा असतो, काही कंपन्यांच्या फोनमध्ये जरा वेगळ्या ठिकाणी किंवा वेगळ्या शब्दांत असतो पण असतो. त्यावर टॅप केलं की मागे सर्व्हिस चालवणाऱ्या ऍपची यादी येते, नोटिफिकेशन बंद असलं तरी इथे नाव येतं, आणि प्रत्येकासमोर स्टॉपचं बटण. त्या ताईंच्या फोनमध्ये तिथे ते हजेरीचं ऍप होतं. स्टॉप दाबलं, हिरवा ठिपका गेला, लगेच व्हॉइस नोट केली, आवाज आला. मग मुद्दाम ते ऍप परत उघडलं, होमला आलो, ठिपका परत आला आणि तसाच राहिला, व्हॉइस नोट परत शांत. परत स्टॉप, परत ठीक. असं दोन्ही बाजूंनी करून बघितल्याशिवाय मी खात्री धरत नाही, कारण एकदा बंद केल्यावर चाललं म्हणजे योगायोगही असू शकतो.

आणि रीस्टार्टनंतर सकाळी बरं का असायचं तेही इथेच कळतं. मागून आपोआप सुरू झालेल्या सर्व्हिसला माइक वापरायला अँड्रॉइड ११ पासून बंदी आहे, आणि १४ मध्ये तर फोन चालू होताच माइकची सर्व्हिस सुरूच करता येत नाही. तुम्ही स्वतः ऍप उघडावं लागतं. म्हणजे रीस्टार्टनंतर माइक मोकळाच असतो, आणि ज्या क्षणी तुम्ही ते ऍप एकदा उघडता तिथून तो अडकतो. म्हणून तुम्हीही आठवून बघा, रीस्टार्टनंतर दुपारपर्यंत तुम्ही रोज काय काय उघडता. मीटिंगचं ऍप, मुलाचा बोलायची सोय असलेला गेम, ऑफिसचं काही, लहान बाळाचा आवाज ऐकवणारं, झोपेतलं घोरणं मोजणारं, कॉल रेकॉर्ड करणारं. कॉल रेकॉर्डिंगवाल्यांवर माझा संशय जरा जास्त असतो, मे २०२२ पासून गुगलने प्ले स्टोअरवर ऍक्सेसिबिलिटी वापरून कॉल रेकॉर्ड करायला बंदी घातली, तेव्हापासून लोक ती बाहेरून फाइल घेऊन टाकतात आणि त्यांना ऍक्सेसिबिलिटीची परवानगी देऊन ठेवतात. ऍक्सेसिबिलिटीवाल्या ऍपला माइकच्या नियमात जास्त मोकळीक असते. सेटिंगमध्ये ऍक्सेसिबिलिटीत जाऊन इन्स्टॉल केलेल्या सर्व्हिसची यादी एकदा नजरेखालून घाला, ओळखीचं नाही ते बंद करा.

मदतनीस म्हणजे ओके गुगल वगैरे, लोक पहिलं तेच बंद करतात. करायचं तर करा पण त्याने सहसा फरक पडत नाही, कारण नियमातच असं आहे की मदतनीसाची स्वतःची स्क्रीन वर आलेली नसेल तर तुमच्या ऍपला आवाज मिळतो.

बंद करण्याबद्दल. वरच्या यादीतला स्टॉप हा त्या वेळेपुरता उपाय. त्याहून पक्कं म्हणजे सेटिंग, ऍप्स, त्या ऍपवर जाऊन फोर्स स्टॉप. फोर्स स्टॉप केल्यावर तुम्ही स्वतः उघडेपर्यंत ते ऍप निपचित पडून राहतं, रीस्टार्ट झाल्यावरही आपोआप उठत नाही, पण त्याचबरोबर त्याचे मेसेज, नोटिफिकेशनही येत नाहीत, तेव्हा ऑफिसचं ऍप असेल तर हे लक्षात घेऊन करा. ऍप लागतच नसेल तर अनइन्स्टॉल, विषय संपला.

ऍप लागतं पण त्याचा माइक लागत नाही, असं असेल तर परवानगी काढा, आणि इथे एक गोष्ट नीट वाचा. परवानगीत "ऍप वापरताना फक्त" असा पर्याय असतो, तो लोकांना सुरक्षित वाटतो, म्हणजे स्क्रीनवर असेल तेव्हाच माइक मिळणार. तसं नाहीये. ऍप समोर असताना त्याने माइकची सर्व्हिस सुरू केली तर तुम्ही बाहेर पडल्यावरही ते "वापरात" आहे असंच सिस्टीम धरते. "दर वेळी विचारा" याचंही तेच, एकदा हो म्हटलं आणि सर्व्हिस सुरू झाली की ती थांबेपर्यंत परवानगी राहते. त्यामुळे अडकणाऱ्या ऍपसाठी हे दोन्ही पर्याय कामाचे नाहीत, सरळ "परवानगी देऊ नका" हाच निवडा. परवानगी काढली की अँड्रॉइड ते चालू ऍप तिथल्या तिथे बंद करतं, म्हणजे माइकही त्याच क्षणी सुटतो. त्या ताईंच्या फोनवर हेच केलं, हजेरी लोकेशनवर लागत होती, माइकशिवाय व्यवस्थित लागली. नंतर त्यांना कधीतरी ड्रायव्हरशी बोलायची गरज होती म्हणून ऍपच्या आतल्या सेटिंगमध्ये बघितलं तर चॅनल कायम चालू ठेवायचा पर्याय होता, तो बंद करून फक्त बटण दाबल्यावर चालू होईल असा केला, परवानगी परत दिली, बाहेर आल्यावर ठिपका काही सेकंदात गेला. हा सगळ्यात चांगला उपाय, ऍप पण चालतं आणि माइक पण सुटतो, पण प्रत्येक ऍपमध्ये तो पर्याय मिळेल असं नाही.

ड्युअल ऍप वापरत असाल, म्हणजे एकाच ऍपच्या दोन प्रती, तर दुसऱ्या प्रतीची परवानगी वेगळी असते, पहिलीची काढली म्हणजे दुसरीची गेली असं नाही. आणि कंपनीने दिलेला फोन असेल, ऍपवर छोट्या बॅगेचं चिन्ह असेल, तर काही परवानग्या कंपनीने लॉक केलेल्या असू शकतात, तिथे तुम्ही वर्क प्रोफाइल थोडा वेळ बंद करून बघू शकता, पण कायमचा उपाय त्यांच्या आयटीवाल्यांनीच करायचा.

कधी कधी ठिपका इतका पटकन येतो-जातो की नाव वाचता येत नाही, किंवा डॅशबोर्डमध्ये दोन-तीन नावं असतात आणि कोण कोणाला मुकं करतंय ते कळत नाही. तेव्हा मी कॉम्प्युटरला लावून बघतो. तुमच्याकडे लॅपटॉप असेल, त्यावर फोनला कमांड देणारं adb हे टूल टाकलेलं असेल आणि थोडी सवय असेल तर तुम्हीही करू शकता, डेव्हलपर ऑप्शनमधून यूएसबी डीबगिंग चालू करायचं, फोनवर येणारी परवानगी द्यायची, व्हॉइस नोट शांत रेकॉर्ड होत असतानाच ही कमांड द्यायची:

```
adb shell dumpsys audio
```

खूप मोठा मजकूर येतो, घाबरू नका, त्यात फक्त तारीख-वेळेनंतर लगेच `rec` येणाऱ्या ओळी शोधा. साधारण अशा दिसतात, सुरुवातीची तारीख-वेळ मी काढलीय आणि ऍपची नावं बदललीत:

```
rec start riid:47 uid:10231 session:385 src:VOICE_COMMUNICATION not silenced pack:com.example.hajeri
rec update riid:63 uid:10198 session:513 src:MIC silenced pack:com.example.recorder
```

दुसऱ्या ओळीत `silenced` आहे, म्हणजे या ऍपला शांतता दिली जातेय. पहिल्या ओळीत `not silenced`, आवाज याला मिळतोय, आणि `src` मध्ये `VOICE_COMMUNICATION`, म्हणजे याने माइक बोलण्यासाठी म्हणून उघडलाय, वर म्हटलं तो नियम. `pack` च्या पुढे ऍपचं पूर्ण नाव. पहिल्या ऍपच्याच `rec start` आणि `rec stop` अशा जोड्या कॉल चालू असताना लागोपाठ दिसल्या तर ते माइक परत परत उघडतंय, पहिला हॅलो जाऊन मग गप्प होण्याचं कारण तुमच्यासमोर लिहिलेलं आहे. बंद करायचं तर तिथूनच:

```
adb shell am force-stop com.example.hajeri
```

नावाच्या जागी तुम्हाला सापडलेलं नाव टाका. ओळखीचं नसलेलं नाव असेल तर आधी ते कुठल्या ऍपचं आहे ते बघा, सिस्टीमचं काही असेल तर हात लावू नका.

आता उलटी बाजू, म्हणजे हे नसेल तर काय. व्हॉइस नोट शांत जातेय आणि होम स्क्रीनवर ठिपका नाहीच, डॅशबोर्डमध्येही व्हॉट्सऍपशिवाय कोणी नाही, तर मग माइक कोणी धरलेला नाही. मेलेलं ऍप माइक धरून ठेवू शकत नाही, ऍपची प्रोसेस गेली की सिस्टीम तिचं रेकॉर्डिंग स्वतः साफ करते. तेव्हा आधी वरच्या पडद्यात माइक ऍक्सेसचं बटण आहे का ते बघा, ते चुकून बंद झालं असेल तर सगळ्याच ऍपना शांतता मिळते. ब्लूटूथ बघा, इयरबड पिशवीत उघडे राहून जोडलेले असतील तर आवाज तिकडून घेतला जाऊ शकतो, ब्लूटूथ बंद करून एक नोट करा.

त्यानंतर सेफ मोड. सेफ मोडमध्ये तुम्ही टाकलेली ऍप चालत नाहीत, त्यामुळे व्हॉट्सऍपवर तपासता येणार नाही, पण बऱ्याच फोनमध्ये कंपनीचा रेकॉर्डर असतो तो चालतो. रीस्टार्टनंतर सगळं चालतंच, म्हणून सेफ मोडमध्ये लगेच तपासून उपयोग नाही, ज्या वेळेला एरवी बिघडतं तोवर फोन तसाच ठेवा आणि मग रेकॉर्ड करा. दिवसभर ठीक राहिलं तर दोष टाकलेल्या ऍपपैकी कोणाचा तरी आहे, एकेक करून शोधा, नुकतंच टाकलेलं किंवा अपडेट झालेलं आधी. सेफ मोडमध्येही रेकॉर्डर शांत झाला तर मग फोनच्या आतल्या ऑडिओच्या सॉफ्टवेअरचा किंवा हार्डवेअरचा प्रश्न आहे, आणि तेव्हा दुकानात जा. जाताना कारागिराला तीन गोष्टी सांगा, सिमच्या कॉलला आवाज जातो का, फोन स्पीकरवर टाकल्यावर जातो का, आणि मागच्या कॅमेऱ्याने व्हिडिओ काढला तर त्यात आवाज येतो का. स्पीकरवर आणि व्हिडिओला बऱ्याच फोनमध्ये वरचा माइकही वापरला जातो, त्यामुळे या तीन उत्तरांवरून त्याला कुठला माइक तपासायचा ते फोन उघडायच्या आधीच कळेल.